गिटहबवरचं सजेशन: वेलांटी-उकाराच्या चुकांसाठी फोन करायचं बंद कसं झालं

माझा मावसभाऊ खानापूरला असतो, मी बेळगावात, टिळकवाडीत. दोघं मिळून एक छोटं वेब ॲप करालोय, गावातल्या दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की मिळते ती पावती मोबाईलवर दिसावी, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम एवढंच. डेअरीत अर्धी माणसं मराठी वाचणारी, अर्धी कन्नड वाचणारी, म्हणून स्क्रीनवरचे सगळे शब्द दोन वेगळ्या फाईलीत ठेवलेत, मराठीची `mr.json` आणि कन्नडची `kn.json`. कोड तो लिहितो, तपासायचं काम माझं.

तर पहिल्याच आठवड्यात काय झालं, त्यानं मराठीची फाईल पाठवली आणि मी खाली लिहिलं, "14 व्या ओळीत कु दीर्घ कर." अर्ध्या तासानं फोन.

"दादा, 14 व्या ओळीत 'सकाळ' आहे. त्यात दीर्घ काय करू?"

"अरे सकाळ नव्हं, 'एकुण' आहे बघ की तिथं."

"माझ्यात सकाळच आहे. वर दोन ओळी घातल्यात मी काल, अजून पाठवल्या न्हाईत."

म्हणजे माझ्या स्क्रीनवरची 14 वी ओळ त्याच्याकडं 16 वी झालेली. बरं, मग त्यानं 'एकुण'चं 'एकूण' केलं, खरं त्याच ओळीतलं 'रूपये' तसंच राहिलं कारण ते मी बोललो नव्हतो (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये). मग परत कॉमेंट, मग खानापुरात पाऊस नि लाईट गेली, असं करत तीन अक्षरांना दोन दिवस लागले. तेव्हा मला कळलं की गिटहबमधे सजेशन म्हणून जी सोय आहे ती मी बघितली होती, कधी वापरली नव्हती. ही सोय 2018 च्या ऑक्टोबरात आली म्हणे, आणि मी एवढी वर्षं ओळ नंबर लिहित बसलेलो.

आधी थोडं मागचं, ज्यांनी गिटहब नुसतं ऐकलंय त्यांच्यासाठी. एखाद्याला प्रोजेक्टमधे काही बदल करायचा असला की तो मूळ कोडला हात लावत नाही, बाजूला एक ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत काढतो, त्यात बदल करतो आणि 'हे बघा, बरोबर असलं तर आत घ्या' म्हणून पुल रिक्वेस्ट टाकतो. दुसरा माणूस ते उघडून बघतो, कुठल्या ओळी गेल्या त्या लाल, कुठल्या आल्या त्या हिरव्या, आणि ज्या ओळीवर काही बोलायचंय तिथंच कॉमेंट टाकतो. हाच रिव्ह्यू. साधी कॉमेंट म्हणजे निरोप. निरोप वाचून समोरच्यानं लॅपटॉप उघडायचा, ती जागा शोधायची, बदलायचं, कमिट करायचं म्हणजे बदलाची नोंद करायची, पुश करायचं म्हणजे ती गिटहबवर पाठवायची, परत येऊन 'केलं' म्हणायचं. सजेशन म्हणजे निरोपाऐवजी दुरुस्त केलेली ओळच लिहून द्यायची, समोरच्यानं फक्त बटण दाबलं की ती ओळ जुन्या ओळीच्या जागी बसते आणि कमिट पण आपोआप होतं. एवढंच आहे.

आमच्या फाईलीतला तुकडा असा होता:

```json
  "village": "गांव",
  "morning": "सकाळ",
  "evening": "संध्याकाल",
  "total_rs": "एकुण रूपये",
  "slip_no": "पावती नं"
}
```

यात तीन ओळी चुकल्यात. 'गांव'वरचा अनुस्वार नको, 'संध्याकाल'चा ल चुकलाय, तिथं ळ पाहिजे, आणि 'एकुण रूपये'चं 'एकूण रुपये' व्हायला पाहिजे, एका शब्दाचा उकार वाढवायचा नि दुसऱ्याचा कमी करायचा. (बिचाऱ्याची चूक नाही, मोबाईलवर मराठी टाईप करताना कीबोर्ड जे सुचवतो ते आपण घेतो.)

आता करायचं कसं. पुल रिक्वेस्ट उघडून `Files changed` वर जायचं. चुकलेल्या ओळीवर माऊस नेला की डाव्या बाजूला निळं अधिकचं चिन्ह येतं, ते दाबलं की कॉमेंटची पेटी उघडते. त्या पेटीच्या वर जे छोटे आयकॉन असतात त्यात एक अधिक-उणे चिन्ह असलेलं पान आहे, ते दाबायचं, नाहीतर `Ctrl+G`. दाबल्याबरोबर पेटीत हे येतं:

````
```suggestion
  "village": "गांव",
```
````

म्हणजे वर तीन उलटे टिंब आणि `suggestion` हा शब्द, मधे ती ओळ जशी आहे तशी, खाली परत तीन उलटे टिंब. यातली मधली ओळ आपण सुधारायची, 'गांव'चं 'गाव' करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही, पुढच्या दोन स्पेसला पण नाही, शेवटच्या स्वल्पविरामाला पण नाही. त्या चौकटीच्या वर किंवा खाली दोन शब्द लिहिता येतात, 'अनुस्वार नको' वगैरे, आणि लिहावेत, कारण नुसती ओळ दिली तर समोरच्याला काय बदललं ते कळतं पण का बदललं ते नाही कळत, आणि पुढच्या फाईलीत परत 'गांव' येतं. हे अनुभवाचं आहे.

मग खाली दोन बटणं असतात, एक म्हणजे कॉमेंट लगेच पाठवायची आणि दुसरं `Start a review`. एकच दुरुस्ती असली तर पहिलं. तीन-चार असल्या तर दुसरं, म्हणजे सगळ्या तुमच्याकडं गोळा होत राहतात आणि शेवटी `Submit review` केल्यावर एकदम जातात, समोरच्याला चार वेगळे ईमेल जात नाहीत. इथं एक गंमत होते, लोक `Start a review` दाबतात, सगळं लिहितात आणि सबमिट करायचं विसरून चहाला जातात. स्वतःला कॉमेंट दिसत असते, `Pending` असा पिवळा शिक्का असतो त्यावर खरं लक्ष कोण देतंय, आणि समोरच्याला काहीच दिसत नसतं. मी एकदा संध्याकाळभर वाट बघितली, भाऊ काहीच का करेना म्हणून, शेवटी फोन केला तर तो म्हणतो "दादा काय आलेलंच न्हाई." माझ्याकडंच अडकलेलं.

त्याच्या बाजूला काय दिसतं तर लाल जुनी ओळ, हिरवी नवी ओळ आणि खाली `Commit suggestion`. ते दाबलं की कमिटसाठी मेसेज विचारतो, आपण काही नाही लिहिलं तर `Update` आणि फाईलचं नाव एवढंच टाकतो. मग झालं. कॉमेंट आपोआप मिटवली जाते. कमिट त्याच्या नावावर होतं आणि मेसेजच्या खाली माझं नाव सहलेखक म्हणून येतं, `Co-authored-by:` अशी ओळ गिटहब स्वतःच घालतो. मला हे बरं वाटतं, एका उकाराचं का असेना श्रेय मिळतं, पण कोणी प्रत्येक स्वल्पविरामाला सजेशन टाकून नावं गोळा करत असला तर ते लगेच ओळखू येतं.

आणि हे सगळं मोबाईलच्या ब्राउझरवर होतं. भाऊ बेळगावला एसटीनं येताना वाटेत तीन सजेशन दाबून मोकळा झाला होता, लॅपटॉप बॅगेतच.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. सजेशनला तुमच्या मनात काय आहे ते कळत नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की तुम्ही ज्या ओळी निवडल्या त्या पूर्ण काढायच्या आणि चौकटीत जे आहे ते पूर्ण घालायचं. ओळीतला एक शब्द बदलत नाही, आख्खी ओळच बदलतो. एक ओळ निवडून चौकटीत तीन लिहिल्या तर एक जाते, तीन येतात. तीन निवडून एक लिहिली तर तीन जातात, एक येते. चौकट रिकामी ठेवली तर निवडलेली ओळ उडते, काढून टाकायची असली तर तसंच करायचं असतं. हे डोक्यात पक्कं बसलं की नव्वद टक्के घोळ होतच नाहीत, आणि माझ्या डोक्यात ते बसलेलं नव्हतं.

झालं काय, 'संध्याकाल' आणि 'एकुण रूपये' या दोन ओळी एकाखाली एक आहेत ना. मी माऊस नेला 'संध्याकाल'च्या ओळीवर, अधिक चिन्ह दाबलं, सजेशन घातलं, ती ओळ सुधारली, आणि म्हटलं खालची पण लगेच सुधारून टाकूया, म्हणून चौकटीत तिच्याखाली दुसरी ओळ पण बरोबर करून लिहिली:

````
```suggestion
  "evening": "संध्याकाळ",
  "total_rs": "एकूण रुपये",
```
````

दिसायला एकदम बरोबर. भावानं बटण दाबलं. गिटहबवर आपोआप चालणाऱ्या तपासणीचं हिरवं टिकमार्क आलं. दोन दिवसांनी त्यानं पावतीचा फोटो पाठवला, त्यावर 'संध्याकाळ' बरोबर आणि खाली 'एकुण रूपये' जसंच्या तसं चुकीचं! मी म्हटलं तू दाबलंस का नाही, तो म्हणतो दाबलंय, कमिट पण आहे. फाईल उघडली तर हे:

```json
  "evening": "संध्याकाळ",
  "total_rs": "एकूण रुपये",
  "total_rs": "एकुण रूपये",
  "slip_no": "पावती नं"
```

मी निवडली होती एकच ओळ, 'संध्याकाल'ची. ती गेली, तिच्या जागी दोन आल्या. 'एकुण रूपये'ची जुनी ओळ मी निवडलीच नव्हती, ती कशाला जाईल, ती आपली खाली बसून राहिली. आता एकच नाव दोनदा आलं तरी जावास्क्रिप्टचं `JSON.parse` कुरकुर करत नाही, गप शेवटचं घेतं. शेवटचं म्हणजे चुकीचं. आमची तपासणी फाईल उघडते का एवढंच बघत होती, फाईल उघडत होती, म्हणून हिरवं टिकमार्क. म्हणजे चूक दुरुस्त झाली, ती फाईलीत आहे पण, आणि तरी स्क्रीनवर जुनीच दिसते. असली चूक शोधायला लई वेळ जातो कारण तुम्ही फाईलीत 'एकूण रुपये' शोधता आणि ते सापडतं.

बरोबर पद्धत अशी, दोन ओळी बदलायच्यात तर दोन्ही निवडायच्या. पहिल्या ओळीच्या निळ्या अधिकवर माऊस दाबून धरायचा आणि खालच्या ओळीपर्यंत ओढायचा, मग सोडायचा. पेटीच्या वर कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत ते लिहून येतं, ते वाचायचं. आता सजेशनचं आयकॉन दाबलं की चौकटीत दोन्ही ओळी आपोआप येतात. मी आता स्वतःला एक सवय लावलीय, चौकटीत कधीच नवीन ओळ हातानं लिहायची नाही जी आधीपासून फाईलीत आहे. जी ओळ सुधारायची ती आपोआप चौकटीत आली नसेल तर निवड चुकलीय, पेटी बंद करून परत निवडायचं. आणि पाठवायच्या आधी `Preview` दाबायचं, तिथं लाल किती ओळी आणि हिरव्या किती ते दिसतं. वरच्या घोळात प्रिव्ह्यू बघितला असता तर लाल एक आणि हिरव्या दोन दिसल्या असत्या, नवीन ओळ तर मी घालत नव्हतो, मग दोन कशाला?

याच्या उलटी चूक पण होते. `slip_no` ही शेवटची ओळ आहे, तिच्या शेवटी स्वल्पविराम नाही. तिच्याखाली अजून एक नाव घालायचं म्हणून मी ती ओळ निवडून चौकटीत तिच्याखाली नवीन ओळ लिहिली, हे बरोबरच आहे, नवीन ओळ घालायची पद्धत हीच, पण वरच्या ओळीला स्वल्पविराम द्यायला विसरलो. भावानं दाबलं आणि लगेच लाल फुली, फाईल उघडतच नाही. ही चूक मला परवडते. दंगा करते, दोन मिनिटात कळते. ती दोनदा आलेली ओळ गप बसते, तिची भीती.

तीन उलट्या टिंबांवरून आठवलं. प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलीत, `README.md` मधे, आपण कमांड वगैरे तीन उलट्या टिंबांच्या चौकटीत लिहितो. त्या भागालाच सजेशन द्यायचं असलं तर सजेशनच्या चौकटीत परत तीन टिंब येतात, आणि गिटहबला वाटतं सजेशन इथंच संपलं, पुढचा मजकूर बाहेर सांडतो. तेव्हा बाहेरच्या चौकटीला चार उलटे टिंब द्यायचे, वर चार, खाली चार. बास.

तीन सजेशन तीन वेळा दाबली तर तीन कमिट होतात आणि इतिहासात `Update mr.json` असं तीनदा येतं, प्रत्येकाला वेगळी तपासणी चालू होते. त्यापेक्षा प्रत्येक सजेशनखाली `Add suggestion to batch` दाबत जायचं आणि शेवटी वर `Commit suggestions` एकदाच, सगळ्यांचं मिळून एक कमिट. मेसेज `Apply suggestions from code review` असा येतो, मी भावाला सांगितलंय तो खोडून 'मराठी शब्दांचं शुद्धलेखन' असं काहीतरी लिही, सहा महिन्यांनी आपल्यालाच कळायला पाहिजे. हे बॅचचं काम `Files changed` मधे बसून करायचं, कॉमेंटच्या यादीत ते बटण मिळत नाही आणि लोक म्हणतात आमच्यात ही सोयच नाही. आणि एका ओळीवर दोघांनी वेगवेगळी सजेशन दिली असली तर बॅचमधे एकच घेता येतं, साहजिक आहे, एका खुर्चीवर दोघं कसे बसणार.

बटण दाबलं म्हणजे भावाचं काम संपलं असं वाटतं, खरं इथंच त्याच्याकडं दुसरा घोळ झाला. सजेशन दाबल्यावर जे कमिट होतं ते गिटहबवर होतं. त्याच्या लॅपटॉपला काहीच माहीत नसतं. तो घरी गेला, लॅपटॉप उघडला, पावतीच्या रंगाचं काम केलं, पुश केलं, आणि हे आलं:

```
! [rejected]  pavti-marathi -> pavti-marathi (fetch first)
```

याचा अर्थ गिटहबवर असं काहीतरी आहे जे तुझ्याकडं नाही, ते आधी घे. घ्यायचं असं:

```
git pull --rebase
git push
```

पहिली कमांड गिटहबवरचं कमिट खाली आणते आणि तुझं नवीन काम त्याच्यावर ठेवते. झालं. पण त्यानं कुठंतरी वाचलं होतं की पुश अडलं की `--force` लावायचं, लावलं त्यानं, आणि पुश झालं! फोर्स म्हणजे गिटहबवर जे आहे ते विसर, माझ्याकडं आहे तेच खरं. त्याच्या लॅपटॉपवर शुद्धलेखनाचं कमिट नव्हतंच, त्यामुळं तिन्ही दुरुस्त्या उडाल्या. आणि वाईट म्हणजे वर माझ्या कॉमेंट तशाच मिटलेल्या दिसत होत्या, त्यामुळं मला वाटत राहिलं की झालंय. ओळखायची खूण एकच, कॉमेंट मिटलेली असली तरी `Files changed` मधे जाऊन आत्ताची ओळ डोळ्यानं बघायची. कॉमेंट मिटणं म्हणजे त्या वेळी कोणीतरी बटण दाबलं एवढंच, ओळ अजून तिथं आहे याचा तो पुरावा नाही.

म्हणून आमच्यात आता ठरलंय, एसटीत बसून सजेशन दाबलंस तर घरी जाऊन पहिलं काम `git pull`, चहा नंतर.

कधी कधी बटण येतच नाही किंवा दाबत नाही, त्याची कारणं थोडी आहेत आणि गिटहब बहुतेक वेळा तिथंच लिहितो, फक्त वाचत नाही आपण. बटण कोणाला मिळतं तर ज्या ब्रँचवरून पुल रिक्वेस्ट आलीय त्या ब्रँचवर लिहायचा अधिकार ज्याला आहे त्याला. भावाची ब्रँच आहे, त्याला मिळतंच. मी त्याच रिपॉझिटरीत लिहू शकतो म्हणून मलाही मिळतं. पण आमच्या ओळखीच्या एका निपाणीच्या पोरानं स्वतःची कॉपी काढून, म्हणजे फोर्क करून, कन्नड फाईल सुधारून पाठवली, तर ती ब्रँच त्याच्या घरची. तिथं मला बटण मिळायचं तर त्यानं पुल रिक्वेस्ट टाकताना `Allow edits by maintainers` ला टिक ठेवलेली असायला पाहिजे. टिक नसली तरी सजेशन देता येतं, फक्त दाबायचं त्यानं.

दुसरं कारण म्हणजे ओळ शिळी झाली. मी सजेशन दिलं, आणि भावानं बटण दाबायच्या आधीच ती ओळ लॅपटॉपवरून बदलून पुश केली, तर कॉमेंटवर `Outdated` येतं आणि बटण जातं. बरोबरच आहे, ज्या ओळीच्या जागी बसायचं ती ओळच राहिली नाही. तिथं परत नव्या ओळीवर सजेशन द्यायचं, जुन्याशी झटापट करायची नाही. काढून टाकलेल्या, लाल ओळीवर पण सजेशन लागू होत नाही. पुल रिक्वेस्ट बंद झाली असली तर नाही. आणि तुम्ही सगळे बदल न बघता मधलंच एखादं कमिट उघडून बसला असाल तर तिथून दाबता येत नाही, सगळे बदल दिसतील असं करून परत यायचं.

अजून एक, ज्या प्रोजेक्टात 'नवीन कमिट आलं की आधीची मंजुरी रद्द' असं लावलेलं असतं तिथं सजेशन दाबणं हे पण नवीन कमिटच. मी आधी मंजुरी दिली आणि म्हटलं 'एवढा उकार तेवढा घे', त्यानं घेतला, माझी मंजुरी उडाली, आता परत मला फोन. तिथं उलटं करायचं, आधी सजेशन, ती आत गेली की मग मंजुरी.

गिटलॅब वापरणाऱ्यांसाठी एक ओळ, तिथंही हेच आहे, फक्त चौकटीच्या वर `suggestion:-0+0` असं येतं. ते आकडे म्हणजे कॉमेंटच्या ओळीच्या वरच्या किती आणि खालच्या किती ओळी धरायच्या. माझ्या त्या घोळात `-0+1` लिहिलं असतं तर खालची ओळ पण धरली गेली असती. मला खरं सांगायचं तर हे जास्त आवडतं, निवड आकड्यात लिहिलेली असते, लपून राहत नाही.

कशाला सजेशन द्यायचं नाही हे पण सांगतो, कारण एकदा सवय लागली की हात थांबत नाही. दर काढायच्या कोडमधे हे होतं:

```js
const rate = rateFor(fat, snf);
const amount = litres * rate;
```

मला वाटलं नुसतं `rate` कळत नाही, `milkRate` बरं. वरच्या ओळीवर सजेशन दिलं, एक शब्द तर बदलायचाय. भावानं दाबलं. खालच्या ओळीत `rate` तसंच राहिलं आणि पावती उघडली की `rate is not defined`. दोन्ही ओळी डोळ्यासमोर होत्या तरी चुकलो, आणि असं नाव वापरणाऱ्या ओळी दुसऱ्या फाईलीत असत्या तर दिसल्या पण नसत्या. सजेशन देणारा कोड चालवून बघत नाही, ब्राउझरमधे बसून लिहितो. दाबणारा पण चालवत नाही, मोठ्या भावानं दिलंय म्हणून दाबतो. दोघांच्या मधे कोणीच चालवलेलं नसतं. म्हणून मी आता हिशोब ठेवलाय, जी दुरुस्ती ती ओळ वाचूनच बरोबर आहे हे कळतं, शुद्धलेखन, चुकलेला आकडा, विसरलेला स्वल्पविराम, कोडमधल्या कॉमेंटचा शब्द, तिला सजेशन. ज्याला बरोबर आहे का हे कळायला प्रोग्रॅम चालवावा लागतो, तिला साधी कॉमेंट, आणि वेळ असला तर फोन.

पैसे पूर्णांकात धरायचे का पैशापर्यंत, यावर आमचा असाच फोन झाला तासभर. मी सजेशनमधे `Math.round` टाकून मोकळा होणार होतो. तो म्हणाला, "दादा, डेअरीत बाबा दहा दिवसांचे पैसे जोडून बघतात, रोज गोल केलास तर शेवटी जुळायचं न्हाई." बरोबर होतं त्याचं. ते सजेशन मी पेटीत लिहिलेलं होतं, तिथूनच खोडलं.